एका लेंथमध्ये किती हात?

मुलं शंभर-शंभर मीटर पोहत असतात, आणि सहावं शंभर सुरू झालं की पाण्याचा आवाज बदलतो. पहिल्या दोन-तीन शंभरांत हात पाण्यात शिरताना फारसा आवाज होत नाही, पायांची एकसारखी घरघर तेवढी ऐकू येते. पुढे कुठेतरी ती घरघर तुटक होते, हात पाण्यावर आपटायला लागतात आणि श्वासासाठी डोकं जरा जास्तच वर येतं. काठावर पाठ करून उभी असले, तरी कुठल्या लेनमध्ये काय बिघडलंय ते मला कळतं. आठवड्याच्या या सेशनची आखणी मी तीनदा मुळापासून बदलली, ती या आवाजामुळेच.

माझ्याकडे १० ते १३ वयाची १४ मुलं आहेत, २५ मीटरचा पूल, म्हणजे एक लेंथ २५ मीटरची, तीन लेन आणि ७५ मिनिटं. यातली बहुतेक मुलं आठवड्यातले आणखी दोन दिवस पोहतात, पण तिथे मोकळं पोहणं जास्त असतं. सगळी एकत्र आणि माझी नजर पूर्णपणे त्यांच्यावर, असा दिवस एकच. त्या एका दिवसात ड्रिल, म्हणजे तंत्राचा सुटा सराव, तेही हवं, किकही हवी आणि दमसासही वाढायला हवा. तिन्ही गोष्टी एकाच शरीराकडून मागायच्या असतात आणि प्रत्येक गोष्ट पुढच्या गोष्टीसाठी काहीतरी कमी करून जाते. म्हणून किती मीटर, यापेक्षा कशानंतर काय, हा प्रश्न मला मोठा वाटतो.

सुरुवातीची माझी आखणी अशी होती: वॉर्म-अप, मग किकबोर्ड घेऊन ४०० मीटर किक, मग शंभर-शंभरचा लांब सेट आणि शेवटी ड्रिल. किकने अंग तापेल, लांब सेटमध्ये दम लागेल आणि शेवटी शांतपणे तंत्रावर बोलता येईल, असा माझा हिशेब होता. कागदावर तो बरोबर दिसत होता. प्रत्यक्षात शेवटच्या पंधरा मिनिटांत मुलं भिंतीला चिकटून कुडकुडायची. लहान अंगाची उष्णता पाण्यात फार लवकर जाते. पोहत असतात तोवर ठीक, पण ड्रिल समजावून घ्यायला दोन मिनिटं थांबली की ओठ निळसर होतात. शिवाय दमलेल्या हाताला नवी हालचाल शिकवता येत नाही. तो जुन्या सवयीकडेच वळतो, आणि आपण मात्र ‘ड्रिल झालं’ अशी वहीत खूण करतो.

म्हणून पहिला बदल सोपा होता: ड्रिल पुढे आणलं, वॉर्म-अपच्या लगेच नंतर. त्यातही समजावण्याचा भाग पाण्याबाहेर घेतला. पहिली पाच मिनिटं मुलं कोरडी असतानाच काठावर उभं राहून आज काय पाहायचं ते दाखवते. आज म्हणजे एकच चूक. माझ्या या गटातली सध्याची चूक अशी आहे: श्वास घ्यायला मान वळली की पुढे ताणलेला हात आधारासाठी पाणी खाली दाबतो. कोपर पडतं, छाती वर येते, कंबर खाली जाते. ओळखायची खूण गॉगलची. श्वास घेताना गॉगलची एक काच पाण्यात राहिली तर मान वळली आहे. दोन्ही काचा पाण्याबाहेर दिसल्या तर डोकं उचललं गेलंय, आणि मग पुढचा हात खाली जाणारच.

या चुकीसाठी मी कुशीवरची किक घेते. एका कुशीवर आडवं राहायचं, खालचा हात डोक्यापुढे ताणलेला, वरचा मांडीवर, चेहरा पाण्यात खाली बघतोय. सहा किक मोजायच्या, मग एक हात मारून दुसऱ्या कुशीवर यायचं. पुढचा हात दाबला की मूल लगेच डगमगतं, त्यामुळे मला काही बोलावंच लागत नाही, पाणीच सांगतं. हे दोन लेंथ. मग तिसरी लेंथ पूर्ण फ्रीस्टाइल, हात मोजत. चौथी लेंथ पुन्हा फ्रीस्टाइल, आता न मोजता, फक्त तो पुढचा हात आठवत. असं तीनदा करायचं, पण दुसऱ्या फेरीत ड्रिल थोडं पोहण्याच्या जवळ आणते: सहा किक, तीन हात, परत सहा किक. तिसऱ्या फेरीत किकचा आकडा सहावरून चार करते. प्रत्येक पंचवीसला १ मिनिट ३० सेकंद देते, म्हणजे भिंतीपाशी बऱ्यापैकी विसावा मिळतो. एकूण ३०० मीटर आणि १८ मिनिटं. बाहेरून बघणाऱ्याला हे फार कमी वाटतं. एका पालकांनी मला तसं विचारलंही होतं. पण ड्रिलमध्ये दम लागला तर ते ड्रिल राहत नाही.

ड्रिलची एक वेगळीच अडचण आहे आणि ती मला उशिरा दिसली. काही मुलं ड्रिल अतिशय सुंदर करतात आणि पोहायला लागली की मुळीच बदलत नाहीत. त्यांच्या दृष्टीने ड्रिल हा एक वेगळा स्ट्रोकच असतो. कॅच-अपच्या बाबतीत तर उलटंच होतं. एक हात पुढे थांबवून दुसरा त्याला येऊन मिळेपर्यंत वाट पाहायची, हे मुलांना इतकं आवडतं की ती फ्रीस्टाइलमध्येही पुढे हात ठेवून थांबू लागतात. मग प्रत्येक हातानंतर वेग मरतो आणि पुन्हा उभा करावा लागतो. म्हणून कॅच-अप मी जवळपास सोडून दिलंय आणि ड्रिलनंतर लगेच पोहण्याची लेंथ कधीच गाळत नाही. त्या लेंथमध्ये मोजलेले हात वहीत लिहिते. हा आकडा मला पुढे लागतो.

आता खरी गोष्ट सांगते. ड्रिल पुढे आणल्यावरही किक आणि लांब सेटचा क्रम तोच होता, आधी किक. दुसऱ्या लेनमधली एक मुलगी, वय बारा, ड्रिलनंतरच्या लेंथमध्ये २० हात मारायची. प्रत्येक हात पाण्यात शिरला की एक, असं मोजायचं. लांब सेटमध्ये मी प्रत्येक शंभरच्या तिसऱ्या लेंथला तिचे हात मोजायला लागले. तिसरी लेंथ मुद्दाम निवडली: पहिल्या लेंथला भिंतीचा जोर आणि ताजेपणा असतो, चौथीत शेवट दिसत असल्याने मुलं सावरतात. खरं पोहणं तिसरीत कळतं. दुसऱ्या शंभरमध्ये २२ हात, पाचव्यात २५, आठव्यात २६. वेळ मात्र जवळपास तेवढीच, तीन-चार सेकंदांचा फरक. नुसतं घड्याळ बघितलं असतं तर सेट उत्तम झाला असंच मी म्हटलं असतं.

सेट संपल्यावर ती काठाला लटकून म्हणाली, ‘‘मॅडम, पाय उरलेच नाहीत.’’

मला तिथे उत्तर मिळालं. मांड्यांचे स्नायू शरीरातल्या सर्वांत मोठ्या स्नायूंपैकी. ४०० मीटर किक झाल्यावर ते दमलेले असतात. पाय दमले की किक बारीक होते आणि कंबर खाली जाते. कंबर खाली गेली की शरीर पाण्याला आडवं न राहता तिरकं होतं आणि समोरून पाण्याचा रेटा वाढतो. तोंड पाण्याबाहेर यायला डोकं उचलावं लागतं आणि डोक्याला आधार म्हणून पुढचा हात पाणी खाली दाबतो. म्हणजे १८ मिनिटं खर्च करून जी चूक सोडवायला घेतली होती, तीच चूक पुढची १७ मिनिटं शंभर-शंभरने मी पक्की करून घेत होते. आठशे मीटरमध्ये तिने सातशेच्या वर हात मारले, त्यातले निम्मे चुकीचे. ड्रिलच्या सहा लेंथ त्यापुढे काय टिकणार?

पुढच्या आठवड्यात मी फक्त क्रम उलटा केला. लांब सेट आधी, किक नंतर. तीच मुलगी, तोच सेट: दुसऱ्या शंभरमध्ये २१, पाचव्यात २२, आठव्यात २३. एका आठवड्याच्या फरकाने काही ती सुधारली नव्हती. पाय शिल्लक होते, एवढंच. एका मुलीचे दोन आठवडे म्हणजे काही पुरावा नव्हे, म्हणून पुढचे काही आठवडे मी सगळ्यांचे हात मोजत राहिले. चौदापैकी दोघांत काहीच फरक पडला नाही. त्यांची किक मुळातच इतकी हलकी आहे की पाय दमण्याचा प्रश्न येत नाही. बाकीच्यांत कमी-जास्त प्रमाणात हेच दिसलं.

काही प्रशिक्षक किक मुद्दाम आधी घेतात. शर्यतीच्या शेवटी दमलेल्या पायांनीच पोहावं लागतं, तर सराव तसाच हवा, असं त्यांचं म्हणणं. सोळा-सतरा वर्षांच्या, तंत्र पक्कं झालेल्या मुलांसाठी मला ते पटतं. अकरा वर्षांच्या मुलाच्या स्ट्रोकला अजून आकारच यायचा असतो. त्याला दमलेल्या अवस्थेत पोहायला लावलं तर दमलेला स्ट्रोकच त्याचा स्ट्रोक होऊन बसतो.

लांब सेटची वेळ ठरवणं हा मला सगळ्यात आवडणारा भाग. महिन्यातून एकदा मुलांकडून ४०० मीटर सलग पोहून घेते. मधल्या लेनची मुलं साधारण ७ मिनिटं २० सेकंदांत संपवतात, म्हणजे शंभरला १:५०. त्यात २० सेकंदांचा विसावा धरून २:१० वर शंभर सोडायचं, म्हणजे दर २ मिनिटं १० सेकंदांनी नवं शंभर सुरू. असे आठ, म्हणजे १७ मिनिटं २० सेकंद. पहिल्या लेनचं चारशे ६:२० चं आहे, शंभरला १:३५. त्यांना १५ सेकंद विसावा पुरतो, म्हणून १:५० वर नऊ शंभर, एकूण साडेसोळा मिनिटं. तिसऱ्या लेनला चारशेला ९ मिनिटं लागतात. त्यांना शंभर देतच नाही. १:२० वर बारा पन्नास देते, ते १६ मिनिटांत होतात. पूर्वी सगळ्यांना सारखेच मीटर देत असे, तेव्हा शेवटच्या लेनची चार मुलं सतत मागे, सतत धापा टाकत आणि विसावा शून्य, असं व्हायचं. ज्यांना विसाव्याची सर्वांत जास्त गरज त्यांनाच तो मिळत नव्हता. आता मिनिटं सारखी आणि मीटर वेगवेगळे. तिन्ही लेन मिनिटभराच्या अंतराने थांबतात आणि कुणी कुणाची वाट बघत गारठत नाही.

सेटला एकच नियम आहे. ड्रिलनंतर मोजलेल्या हातांपेक्षा तिसऱ्या लेंथमध्ये तीनपर्यंत हात वाढले तर चालेल. चार वाढले की पुढचं शंभर सोडून त्याच वेळेत फक्त पन्नास पोहायचं, म्हणजे विसावा वाढतो, आणि त्यानंतर पुन्हा शंभर. ही शिक्षा नाही हे मुलांना पटवायला मला वेळ लागला. सुरुवातीला ती खोटे आकडे सांगायची, कारण पन्नास पोहणं म्हणजे हरणं असं त्यांना वाटे. मग मी पहिल्या लेनमधल्या सगळ्यात वेगवान मुलाला एकदा सगळ्यांदेखत पन्नासवर आणलं, त्याचे हात खरोखरच वाढले होते म्हणून. त्यानंतर आकडे खरे येऊ लागले.

आकडा कमी आला म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. हात कमी मारण्याच्या नादात काही मुलं भिंत सोडल्यावर लांबवर घसरत राहतात, किंवा दोन हातांमध्ये थांबतात. तेव्हा हात १८ येतात आणि शंभरची वेळ आठ-दहा सेकंदांनी वाढते. म्हणून हात आणि वेळ दोन्ही एकत्र बघावे लागतात. वेळ टिकून हात वाढले तर स्ट्रोक मोडतोय. हात टिकून वेळ वाढली तर मूल थांबत-थांबत पोहतंय. दोन्ही वाढले तर माझीच वेळ चुकली, सेट जड झाला. आणि पहिलंच शंभर बाकीच्यांपेक्षा पाच-सहा सेकंदांनी लवकर आलं तर ते मूल सुसाट सुटलंय, त्याला दुसऱ्या शंभरपासूनच मोजते.

लांब सेटनंतर १०० मीटर अगदी सावकाश, हव्या त्या स्ट्रोकने, तीन मिनिटांत. मग किक.

किकबोर्ड मी आता क्वचितच काढते. बोर्डावर कोपरं टेकून मान वर ठेवली की कंबर खाली बसते आणि पाठीचा खालचा भाग वाकतो. त्या स्थितीत मूल जी किक शिकतं, ती पोहताना कधीच वापरायची नसते. मुलांना बोर्ड आवडतो, कारण शेजारच्याशी गप्पा मारता येतात. तो मोह मला समजतो. पण मला किक पोहण्याच्याच अंगस्थितीत हवी आहे. म्हणून आधी चार पन्नास कुशीवर, एक लेंथ डाव्या आणि एक उजव्या, १:४५ वर. सुरुवातीचं ड्रिलच पुन्हा भेटतं, फक्त आता हात न मारता. त्यानंतर सहा पंचवीस जोरात, पाठीवर, हात डोक्यामागे ताणून, दर मिनिटाला एक. पाठीवर घेण्याचं कारण असं की गुडघे पाण्याबाहेर आलेले लगेच दिसतात. किक मांडीच्या खुब्यापासून निघाली तर पाण्यावर फक्त पायांच्या बोटांची उकळी दिसते. गुडघे वर येऊ लागले की मूल सायकल चालवतंय आणि पाणी मागे ढकललंच जात नाहीये. घोटे ताठ असलेल्या मुलाची किक कितीही जोराची असली तरी ते जागेवरच राहतं. एकाला तर मी पाठीवरच्या किकमध्ये उलटं सरकताना पाहिलंय. त्याला जास्त किक देऊन उपयोग नव्हता. घरी टाचांवर बसून घोटे सैल करण्याचा रोजचा मिनिटभराचा सराव दिला, महिन्याभरात तो पुढे सरकू लागला.

सगळं मिळून किक ३५० मीटर आणि १३ मिनिटं. मुलांचे पाय इथे पूर्ण रिकामे झाले तरी मला चालतात, कारण आता त्यांच्यावर उभं राहणारं पुढे काही नाही.

या भागात एक गोष्ट मी सक्तीने अडवते. व्हिडिओंमध्ये मोठे जलतरणपटू पाण्याखाली डॉल्फिन किक मारत लांब जाताना मुलांनी पाहिलेलं असतं. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये डेव्हिड बर्कॉफ बॅकस्ट्रोकमध्ये निम्म्याहून जास्त लेंथ पाण्याखालीच राहिला होता. पुढे नियमांनी हे अंतर मर्यादित केलं आणि आज ते १५ मीटर आहे. मुलांना मात्र पूर्ण लेंथ पाण्याखाली जायची पैज लावायची असते, आणि त्याआधी भराभर खोल श्वास घ्यायचे असतात. त्याने शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. श्वास घ्यावासा वाटण्याची जाणीव मुख्यतः त्याच्यामुळेच होते. ती जाणीव येण्याआधीच ऑक्सिजन संपतो आणि मूल कुठलीही धडपड न करता शुद्ध हरपतं. काठावरून ते शांतपणे तरंगतंय असंच वाटतं. म्हणून माझ्याकडे भिंत सोडल्यावर पाच मीटरपर्यंतच पाण्याखाली राहायची परवानगी आहे, आणि पैज अजिबात नाही.

शेवटचे २०० मीटर सावकाश, सहा मिनिटांत. मधल्या लेनचं सगळं मिळून २,०५० मीटर होतं: ३०० वॉर्म-अप, ३०० ड्रिल, ८०० लांब सेट, १०० सावकाश, ३५० किक, २०० शेवटचे. दोन मिनिटं उरतात, ती गॉगल शोधण्यात जातात.

दर आठवड्याला मी नवा सेट लिहीत नाही. मुलांना कंटाळा येईल अशी भीती होती, पण तोच सेट असल्यामुळे त्यांना स्वतःचे मागचे आकडे आठवतात आणि ती स्वतःशी तुलना करतात. चार आठवड्यांत एका वेळी एकच गोष्ट बदलते. पहिले दोन आठवडे २:१० वर आठ शंभर. तिसऱ्या आठवड्यात २:०५ वर, हात टिकले असतील तरच. चौथ्या आठवड्यात सहाच शंभर आणि शेवटी चारशेची मोजणी. ज्या मुलांना आठवड्यातून हा एकच दिवस मिळतो, त्यांच्यासाठी मी लांब सेट पाच शंभरांवर आणते आणि उरलेली मिनिटं ड्रिलला देते. एका दिवसाने दमसास फारसा वाढत नाही, पण पुढचा हात कुठे ठेवायचा हे मात्र एका दिवसातही थोडं लक्षात राहतं.

येत्या शनिवारी त्या बारा वर्षांच्या मुलीच्या लेनला पहिल्यांदाच दोनशे देणार आहे. ४:२० वर चार. मीटर तेवढेच, मधले विसावे निम्मे. यावेळी सातव्या लेंथला मोजायचंय. तिचा ड्रिलनंतरचा आकडा आता १९ वर आलाय, म्हणजे २२ पर्यंत चालेल. २३ झाले तर तिसऱ्या दोनशेच्या जागी शंभर, हे तिला मी आधीच सांगून ठेवलंय, आणि तिने विचारलं की मोजणार कोण, ती की मी. दोघींनी मोजायचं ठरलंय.